‘मेय्यर’ आणि ‘म्यो’: फ्रेंचमधला तरतमभाव

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान. फ्रेंच शब्द त्यांच्या उच्चारानुसार देवनागरीत छापले आहेत.)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मराठी मुलांना फ्रेंच शिकवलं. त्यामुळे आजचा विषय त्यांच्या वर्गातला, फळ्यावरचाच निवडला आहे. एका गोष्टीची दुसरीशी तुलना फ्रेंच माणूस कशी करतो, आणि ती शिकताना मराठी माणूस नेमका कुठं अडतो, एवढंच मला सांगायचं आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुलं पुष्कळ असतात. पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये मोठ्या वयाची माणसंही शिकतात. या साऱ्यांची गाठ तुलनेच्या धड्याशी पडते. धडा सोपा वाटतो, आणि त्यातल्या एका जोडीपाशी येऊन पाय अडकतो. ती जोडी म्हणजे ‘मेय्यर’ आणि ‘म्यो’.

सुरुवात सोप्या भागापासून करू. फ्रेंचमध्ये तुलनेला तीन शब्द पुरतात. अधिक असेल तर ‘प्ल्यू’, उणं असेल तर ‘म्वँ’, बरोबरीला ‘ओसी’. हे विशेषणाच्या आधी येतात आणि ज्याच्याशी तुलना करायची त्याच्याआधी ‘क’ येतो. मार्सेय हे शहर इसवी सनापूर्वी 600 च्या सुमारास ग्रीकांनी वसवलं. तेव्हा ‘मार्सेय पॅरिसपेक्षा जुनं आहे’ हे वाक्य झालं ‘मार्सेय ए प्ल्यूझ आँस्येन क पारी’. रचना एवढीच.

आता आपलं मराठी वाक्य पुन्हा ऐका. ‘मार्सेय पॅरिसपेक्षा जुनं आहे.’ यात ‘अधिक’ कुठं आहे? कुठंच नाही. ‘जुनं’ हे विशेषण जसंच्या तसं राहिलं आणि तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ने उचलला. ‘अधिक जुनं’ असं आपण म्हणू शकतो, पण म्हणायलाच हवं असं नाही. फ्रेंचमध्ये उलट आहे. ‘क’ हा नुसता जोडणारा शब्द, तुलना विशेषणाच्या डोक्यावर ‘प्ल्यू’ ठेवून होते. म्हणून नवशिका मराठी विद्यार्थी ‘प्ल्यू’ विसरतो. ‘मार्सेय ए आँस्येन क पारी’ असं त्याच्या वहीत दिसलं, तर शिक्षकाने समजावं की मुलगा मराठी वाक्य शब्दाशब्दाने उचलतो आहे. ही चूक काही आठवड्यांत जाते.

‘म्वँ’ची अडचण मात्र जास्त काळ टिकते, कारण ती चूक म्हणून दिसतच नाही. मराठीत आपण ‘कमी मोठं’ असं सहसा म्हणत नाही. ‘लिओं पॅरिसपेक्षा लहान आहे’ किंवा ‘लिओं पॅरिसइतकं मोठं नाही’, असं म्हणतो. फ्रेंच माणूस सहज ‘म्वँ ग्राँ’ म्हणतो. दोन्हींत फरक आहे. लिओंला ‘लहान’च्या रांगेत बसवलं की त्याच्याविषयी एक मत दिलं जातं. ‘म्वँ ग्राँ’ने तसं मत दिलं जात नाही. मोठेपणाच्या मापावर ते पॅरिसच्या खाली आहे, एवढंच कळतं, ते स्वतः मोठं शहर असू शकतं, आणि लिओं आहेच. जेवणाबद्दल, नाटकाबद्दल, कुणाच्या कामाबद्दल बोलताना फ्रेंच माणसं ‘याहून वाईट’ म्हणण्याऐवजी ‘म्वँ बों’, म्हणजे तितकंसं चांगलं नाही, असं म्हणतात. त्यामागचं सौजन्य हाताशी यायचं तर ‘म्वँ’ वापरायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

‘ओसी’ म्हणजे आपलं ‘इतकं’. ते विशेषणाला आणि क्रियाविशेषणाला लागतं. नामाला आणि क्रियापदाला ‘ओताँ’ लागतं, एवढं सांगून पुढं जातो.

‘प्ल्यू’च्या उच्चाराला मात्र थोडा वेळ द्यायला हवा. लिहिताना या शब्दाच्या शेवटी ‘स’ आहे. तो कधी ऐकू येत नाही, कधी ‘झ’ होतो, कधी स्पष्ट ‘स’ होतो. पुढे व्यंजनाने सुरू होणारं विशेषण असेल तर ‘प्ल्यू ग्राँ’. पुढे स्वर असेल तर मघाचं ‘प्ल्यूझ आँस्येन’. वाक्याच्या शेवटी ‘अधिक’ या अर्थाने आला तर बहुधा ‘प्ल्यूस’. आता गंमत पाहा. ‘प्ल्यू’ हाच शब्द नकारातही येतो आणि तिथं त्याचा अर्थ होतो ‘आता आणखी नाही’. नकाराचं पूर्ण वाक्य ‘झ नाँ व्हो प्ल्यू’, म्हणजे ‘मला आणखी नको’. बोलण्यात त्यातला नकाराचा ‘न’ गळतो आणि उरतं ‘झाँ व्हो प्ल्यू’. होकाराचं वाक्य आहे ‘झाँ व्हो प्ल्यूस’, म्हणजे ‘मला आणखी हवंय’. कागदावर ही दोन वाक्यं अक्षरशः सारखी लिहिली जातात. पंगतीत वाढणाऱ्याला हवं की नको हे कळायला शेवटचा ‘स’ एवढाच आधार. म्हणून हा धडा वाचून शिकू नये, ऐकून आणि मोठ्याने म्हणून शिकावा.

आता सर्वोच्च पदाकडे येऊ, म्हणजे आपल्या ‘सर्वांत’कडे. संस्कृतने इथं दोन वेगळे प्रत्यय ठेवले होते. दोघांत निवडायचं तर ‘तर’ किंवा ‘ईयस्’, अनेकांत निवडायचं तर ‘तम’ किंवा ‘इष्ठ’. तरतमभाव हा आपला शब्दच त्या प्रत्ययांतून आला. लॅटिनमध्येही अशीच दोन पदं होती. फ्रेंचने दुसरं पद टाकून दिलं. पहिल्याच्या आधी ‘ल’, ‘ला’, ‘ले’ हे निश्चयाचं उपपद लावलं की काम झालं. ‘प्ल्यूझ आँस्येन’ म्हणजे अधिक जुनी, ‘ला प्ल्यूझ आँस्येन’ म्हणजे सर्वांत जुनी.

यातून एक नियम निघतो आणि तो विद्यार्थी हमखास मोडतात. विशेषण नामाच्या मागून येत असेल तर उपपद दोनदा लागतं. ‘फ्रान्समधलं सर्वांत जुनं शहर’ म्हणजे ‘ला व्हील ला प्ल्यूझ आँस्येन द फ्राँस’. यातला दुसरा ‘ला’ काढला तर उरतं नुसतं ‘अधिक जुनं शहर’, आणि ऐकणारा विचारतो, कुणापेक्षा? इटालियन भाषा या जागी एकाच उपपदावर भागवते. फ्रेंचमध्येही जुन्या लेखकांना ते दोनदा लावायची सक्ती वाटत नव्हती. सतराव्या शतकात व्होज्लाससारख्या व्याकरणकारांनी आग्रह धरला आणि नियम पक्का झाला. तसंच ‘फ्रान्समधलं’ म्हणताना ‘मध्ये’साठी शब्द शोधू नये. तिथं ‘द’च येतो, म्हणजे ‘चं’.

आणखी एक बारकावा सांगायचा मोह आवरत नाही, कारण मला तो या भाषेतल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो. ‘सर्व शहरांत हे शहर सुंदर’ असं म्हणायचं तर ‘ला प्ल्यू बेल’. शहर स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला’. पण ‘हे शहर वसंतात सर्वांत सुंदर असतं’ असं म्हणायचं तर? इथं शहराची दुसऱ्या शहरांशी तुलना नाही. त्याची तुलना त्याच्याशीच आहे, ग्रीष्मातल्या आणि शिशिरातल्या त्याच शहराशी. अशा वेळी काळजीपूर्वक लिहिणारा फ्रेंच माणूस लिंग सोडून देतो आणि ‘ल प्ल्यू बेल’ लिहितो. ‘बेल’ स्त्रीलिंगी राहतं, ‘ल’ मात्र बदलत नाही, कारण ‘ल’ आता शहराकडे बोट दाखवत नाही, सौंदर्याच्या मापाकडे दाखवतो. रोजच्या लिखाणात हा भेद नेहमी पाळला जात नाही, पण पाळलेला दिसला की वाक्य किती विचाराने लिहिलं आहे ते कळतं.

आता मूळ जोडीकडे येतो. ‘बों’ म्हणजे चांगला, हे विशेषण. ‘ब्यँ’ म्हणजे चांगल्या रीतीने, हे क्रियाविशेषण. नियमाने ‘प्ल्यू बों’ आणि ‘प्ल्यू ब्यँ’ व्हायला हवं होतं. होतं काय, तर ‘बों’चं ‘मेय्यर’ आणि ‘ब्यँ’चं ‘म्यो’. पुस्तकं यांना अपवाद म्हणतात, चौकटीत टाकतात आणि पाठ करायला सांगतात. मला ते पटत नाही. हे दोन शब्द कुठून आले ते सांगितलं तर मराठी मुलाला ते पाठ करावे लागत नाहीत.

लॅटिनमध्ये ‘अधिक चांगला’साठी एकच शब्द होता, ‘मेलिओर’. पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी नामाबरोबर त्याचं रूप ‘मेलिओर’, नपुंसकलिंगी एकवचनात ‘मेलिउस’. हे नपुंसकलिंगी रूपच लॅटिन माणूस क्रियाविशेषण म्हणूनही वापरी. शतकं गेली, उच्चार झिजले. ‘मेलिओर’च्या विभक्तिरूपातून ‘मेय्यर’ उरला आणि ‘मेलिउस’मधून ‘म्यो’. म्हणजे हे दोन वेगळे शब्द नाहीत, एकाच शब्दाची दोन लिंगं आहेत. अशाच आणखी दोन जोड्या फ्रेंचमध्ये आहेत. ‘पीर’ आणि ‘पी’, अधिक वाईट. ‘म्वँद्र’ आणि आपला ओळखीचा ‘म्वँ’, अधिक उणा. ‘म्वँ’ हासुद्धा मुळात एक नपुंसकलिंगी रूपच आहे. बाकीची हजारो विशेषणं जुने प्रत्यय सोडून ‘प्ल्यू’च्या मागे गेली. जुन्या फ्रेंचमध्ये ‘अधिक मोठा’साठीही असा वेगळा शब्द होता, तोही पुढे गेला. चांगलं, वाईट, कमी हे शब्द दिवसभर तोंडात असतात, म्हणून यांची जुनी रूपं टिकली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘मेलिओर’मधला ‘इओर’ आणि संस्कृतातला ‘ईयस्’ हे एकाच मुळाचे प्रत्यय आहेत. पाणिनीलाही हाच प्रश्न पडला होता. ‘प्रशस्य’, म्हणजे चांगला, याला ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’ लावले तर रूपं होतात ‘श्रेयस्’ आणि ‘श्रेष्ठ’. त्याने सरळ सूत्र केलं की या प्रत्ययांपूर्वी ‘प्रशस्य’च्या जागी ‘श्र’ येतो. फ्रेंचच्या चौकटीत जे अपवाद म्हणून बसवलं आहे, त्याची आपल्या व्याकरणाने अडीच हजार वर्षांपूर्वी अशी व्यवस्था लावली होती. आणि ‘प्ल्यू मेय्यर’ ही फ्रेंच मुलांची, घाईत बोलणाऱ्या मोठ्यांचीही, सुप्रसिद्ध चूक आहे. तिच्याकडे कुणी फार तुच्छतेने पाहू नये. आधीच सर्वोच्च असलेल्या ‘श्रेष्ठ’ला आणखी ‘तम’ लावलेला ‘श्रेष्ठतम’ हा शब्द शुक्ल यजुर्वेदाच्या अगदी पहिल्या मंत्रात आहे. परीक्षेत मात्र ‘प्ल्यू मेय्यर’ लिहू नका.

आता मराठी मूल नेमकं कुठं चुकतं ते पाहू. ‘तो भावापेक्षा चांगला खेळाडू आहे’ आणि ‘तो भावापेक्षा चांगला खेळतो’, ही दोन वाक्यं घ्या. मराठीत दोन्हींत ‘चांगला’. पहिल्यात तो खेळाडूचं विशेषण आहे. दुसऱ्यात तो खेळण्याची रीत सांगतो, तरी कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. मुलगी असेल तर ‘चांगली खेळते’. ही मराठीची खास लकब आहे. फ्रेंचला ती चालत नाही. खेळाडू ‘मेय्यर’, खेळणं ‘म्यो’. ‘इल ए मेय्यर झुअर क सों फ्रेर’, पण ‘इल झू म्यो क सों फ्रेर’. मराठी मूल दुसऱ्या ठिकाणीही ‘मेय्यर’ लिहितं, कारण त्याच्या कानाला दोन्हीकडे ‘चांगला’ ऐकू येतं.

यावर उपायही मराठीतच आहे. ‘चांगला’च्या जागी ‘चांगल्या रीतीने’ घालून पाहा. ‘तो चांगल्या रीतीने खेळतो’, जमलं, म्हणजे ‘म्यो’. ‘तो चांगल्या रीतीने खेळाडू आहे’, जमत नाही, म्हणजे ‘मेय्यर’. आणि दुसरी खूण आपल्या ‘बरं’ या शब्दात आहे. ‘मला आता बरं वाटतंय’, ‘त्यापेक्षा हे बरं’, ‘गेलेलं बरं’. हे ‘बरं’ नपुंसकलिंगी आहे, कुणा वस्तूचा गुण सांगत नाही, एकंदर स्थितीबद्दल बोलतं. लॅटिन ‘मेलिउस’ही नेमकं असंच नपुंसकलिंगी होतं. म्हणून जिथं मराठीत असं ‘बरं’ सहज येतं तिथं फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा ‘म्यो’ येतो.

तरीही या दोन खुणा पुरत नाहीत अशी काही वाक्यं आहेत, आणि तिथं उपयोगी पडेल असा एकच खात्रीचा मार्ग मला माहीत आहे. तुलना करण्याआधी तुलनेशिवायचं साधं फ्रेंच वाक्य बनवा. त्यात ‘बों’ आला तर तुलनेत ‘मेय्यर’, ‘ब्यँ’ आला तर ‘म्यो’. एक पत्र घेऊन करून पाहू. समजा, मुलगी मैत्रिणीला लिहिते आहे.

‘आईला आता बरं वाटतंय.’ साधं वाक्य ‘मा मेर व्हा ब्यँ’. म्हणून ‘मा मेर व्हा म्यो’.

‘घरचं जेवण बाहेरच्यापेक्षा चांगलं.’ जेवणाला ‘बॉन’ म्हणतात, म्हणून ‘मेय्यर’. जेवणाचा ‘क्विझीन’ हा शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे लिहिताना शेवटी ‘ई’ हे अक्षर वाढतं, पण ऐकताना काही फरक नाही. ‘मेय्यर’ची चारही रूपं कानाला सारखीच.

‘ताई माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करते.’ इथं सांभाळा. मराठीत ‘चांगला’ स्वयंपाकाला चिकटला आहे. फ्रेंचमध्ये ‘क्विझीने’ हे क्रियापद आहे, साधं वाक्य ‘एल क्विझीन ब्यँ’. म्हणून ‘मा सर क्विझीन म्यो क म्वा’. आणि शेवटी ‘मी’ला ‘झ’ नाही, ‘म्वा’.

‘हिवाळ्यात इथं हवा जास्त चांगली.’ साधं वाक्य ‘इल फे बों’. हवेबद्दल हा ठरलेला प्रयोग आहे आणि त्यात ‘बों’ आहे, म्हणून ‘इल फे मेय्यर आँ निव्हेर’. इथं क्रियापदामागे येऊनही ‘मेय्यर’च. सुगंधाचंही तसंच. ‘सा साँ बों’ म्हणून ‘सा साँ मेय्यर’. ‘क्रियापद आलं की म्यो’ एवढंच पाठ केलेला विद्यार्थी इथं नक्की घसरतो.

‘असंच बरं.’ ‘से म्यो कॉम सा.’ याच जागी ‘से मेय्यर’ म्हटलंत तर फ्रेंच माणसाला बहुधा चवीबद्दल बोलताय असं वाटेल. आमटीत मीठ बेताचं पडल्यावर ‘से मेय्यर’, आणि खुर्ची खिडकीजवळ सरकवल्यावर ‘से म्यो’.

खालच्या दिशेला मात्र हा सारा गुंता नाही. ‘म्वँ बों’, ‘म्वँ ब्यँ’, ‘ओसी बों’, ‘ओसी ब्यँ’, सगळं नियमाने चालतं. फक्त वर चढतानाच जुने शब्द लागतात. ‘स्वस्त’साठी फ्रेंचमध्ये ‘बों मार्शे’ आहे, म्हणून ‘अधिक स्वस्त’ला ‘मेय्यर मार्शे’. बाजारात मात्र तुम्हाला जास्त वेळा ‘म्वँ शेर’ ऐकू येईल, म्हणजे कमी महाग. ‘पीर’चं उलट झालं. ‘प्ल्यू मोव्हे’ हेही शुद्ध मानलं जातं, त्यामुळे ‘पीर’ वापरायलाच हवा असं नाही. आणि ‘पी’ तर आता ‘ताँ पी’सारख्या ठरीव प्रयोगांतच भेटतो, म्हणजे ‘असो, नाइलाज’. त्याच्या जोडीचा ‘ताँ म्यो’, म्हणजे ‘बरंच झालं’, रोजच्या बोलण्यात आहे. तिथंही आपल्याकडे ‘बरं’ आणि त्यांच्याकडे ‘म्यो’, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

या सभागृहात फ्रेंच शिकवणारे बरेच जण बसले आहेत. माझी त्यांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी हा धडा घ्याल तेव्हा ‘मेय्यर’ आणि ‘म्यो’ची चौकट फळ्यावर काढण्याआधी मुलांकडून तुलनेशिवायची दहा साधी वाक्यं करून घ्या, पाच ‘बों’ची आणि पाच ‘ब्यँ’ची, आणि ती मोठ्याने म्हणवून घ्या. त्या दहांत एक हवेचं आणि एक वासाचं नक्की असू द्या. मग तुलना शिकवा.